बाण इलेक्ट्रॉनचा, उलथापालथ कार्बनची

कार्बनी रसायनशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, हॅलोअल्केन्सच्या प्रकरणात एक छोटं चित्र हमखास भेटतं. डावीकडे ऋण प्रभार असलेला हायड्रॉक्साइड आयन, मध्ये एक कार्बन, त्याला तीन हायड्रोजन आणि उजव्या टोकाला ब्रोमीन. या अक्षरांवर दोन वळणदार बाण काढलेले असतात. पहिला ऑक्सिजनपासून निघून कार्बनवर टेकतो. दुसरा कार्बन आणि ब्रोमीन यांना जोडणाऱ्या रेघेवरून उठतो आणि ब्रोमीनवर उतरतो. बारावीतली मुलं हे चित्र घोटून घोटून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. मला याची खंत वाटते, कारण त्या चित्रातली प्रत्येक रेघ हे एक विधान आहे. बाण कुठून निघाला, कुठे टेकला, कुठल्या बाजूने आला, दुसरा बाण काढला की नाही, यातल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे. आणि यातलं प्रत्येक विधान प्रयोगात खोटंही ठरू शकलं असतं.

अभिक्रिया अगदी साधी आहे. ब्रोमोमिथेनमधला ब्रोमीन बाहेर पडतो, त्याच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो आणि मिथेनॉल तयार होतं. एकाच्या जागी दुसरा आला म्हणून ही प्रतियोजन अभिक्रिया.

```
HO⁻ + CH₃–Br → HO–CH₃ + Br⁻
```

समीकरण एवढंच सांगतं की आधी काय होतं आणि नंतर काय झालं. मधे काय घडलं याबद्दल ते गप्प आहे. ब्रोमीन आधी सुटला आणि मग ऑक्सिजन आला? की ऑक्सिजन आधी येऊन चिकटला? की दोन्ही एकदमच झालं? बाण काढायचे ते या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी.

असे बाण छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसले १९२२ साली, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात, विल्यम कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या निबंधात. त्याआधी सहाच वर्षं, १९१६ मध्ये, अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी मांडलं होतं की दोन अणूंमधला सहसंयुज बंध म्हणजे दोघांनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी. बंध म्हणजे जोडी असेल तर बंध तुटणं आणि जुळणं म्हणजे जोड्यांनी जागा बदलणं, आणि ही जागाबदल बाणाने दाखवता येईल. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळालं. कर्मॅक यांची कथा वेगळ्या वाटेने गेली. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर, १९२७ मध्ये, त्यांनी अँडरसन मॅकेंड्रिक यांच्यासोबत साथीचे रोग कसे पसरतात याचं गणित मांडलं. कोविडच्या काळात रुग्णसंख्येचे जे अंदाज बांधले जात होते, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी तेच गणित होतं.

आता चित्राकडे वळू. वळणदार बाण अणूचा प्रवास दाखवत नाही, ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो. म्हणून त्याची शेपटी नेहमी जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथेच असली पाहिजे: एखाद्या अणूवरच्या न वापरलेल्या एकाकी जोडीवर, नाहीतर दोन अणूंमधल्या बंधाच्या रेघेवर. त्याचं टोक जिथे ती जोडी जाऊन बसणार तिथे असतं. बाणाला दोन्ही बाजूंनी काटे असतील तर दोन इलेक्ट्रॉन सरकले. एकाच बाजूला काटा असलेला, मासे पकडायच्या गळासारखा दिसणारा बाण काढला असेल तर एकच इलेक्ट्रॉन सरकला. आपल्या अभिक्रियेत सगळे बाण पहिल्या प्रकारचे आहेत.

हायड्रॉक्साइडमधल्या ऑक्सिजनवर तीन एकाकी जोड्या असतात. पहिल्या बाणाची शेपटी त्यांतल्या एका जोडीवर ठेवायची आणि टोक कार्बनवर. या बाणाचा अर्थ: ऑक्सिजनने आपल्याकडची एक जोडी पुढे केली आणि आता ती ऑक्सिजन व कार्बन यांच्यातला बंध होणार. आपल्याकडचे इलेक्ट्रॉन घेऊन कार्बनकडे येणाऱ्या अशा आयनाला किंवा रेणूला न्यूक्लिओफाइल म्हणतात. विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते. ते बाण कार्बनपासून काढतात आणि ऑक्सिजनकडे नेतात. कार्बनवर थोडा धन प्रभार आहे, तोच ऑक्सिजनला ओढतोय, मग बाण त्याच्याकडून निघावा, असं त्यांना वाटतं. ओढ कार्बनची आहे हे खरंच आहे. ब्रोमीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून घेतो, त्यामुळे कार्बनवर इलेक्ट्रॉनचा किंचित तुटवडा असतो. पण तुटवडा असलेल्याकडे द्यायला काही नसतं. बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो.

नुसता पहिला बाण काढून थांबलं तर काय होईल? कार्बनला आधीच चार बंध आहेत. पाचवा आला तर त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन होतील, आणि कार्बनच्या बाह्य कवचात आठच मावतात. म्हणून दुसरा बाण काढावाच लागतो. कार्बन–ब्रोमीन बंधाच्या रेघेच्या मध्यावर त्याची शेपटी आणि ब्रोमीनवर टोक. ती जोडी आता दोघांची राहिली नाही, ब्रोमीन ती घेऊन बाहेर पडला.

या दोन बाणांचा हिशेब प्रभार मोजून तपासता येतो आणि हा ताळा प्रत्येक वेळी करावा. ऑक्सिजनचे स्वतःचे बाह्य इलेक्ट्रॉन सहा. हायड्रॉक्साइडमध्ये त्याच्याकडे तीन जोड्यांचे सहा आणि हायड्रोजनशी असलेल्या बंधातला त्याच्या वाट्याचा एक, असे सात आहेत. एक जास्त, म्हणून प्रभार उणे एक. मिथेनॉलमध्ये त्याच्याकडे दोन जोड्यांचे चार आणि दोन बंधांतले मिळून दोन, म्हणजे सहा. प्रभार शून्य. ब्रोमीनचे स्वतःचे सात. बंधात असताना तीन जोड्यांचे सहा अधिक एक, बरोबर सात. बाहेर पडल्यावर चार जोड्यांचे आठ, म्हणून उणे एक. सुरुवातीला एकूण प्रभार उणे एक होता, शेवटीही उणे एक आहे. हा ताळा जमला नाही तर कुठला तरी बाण चुकलाय, हे उत्तर न पाहताही कळतं.

ब्रोमीन खरोखरच आयन होऊन सुटला का, हे परीक्षानळीतही दिसतं. ब्रोमोअल्केन सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाबरोबर तापवायचं, उरलेलं हायड्रॉक्साइड नायट्रिक आम्लाने उदासीन करायचं आणि मग सिल्व्हर नायट्रेट घालायचं. फिकट पिवळसर साका तळाशी बसतो. तो सिल्व्हर ब्रोमाइडचा. रेणूत बांधलेला ब्रोमीन हा साका सहजी देत नाही, मोकळा झालेला ब्रोमाइड आयन मात्र लगेच देतो. नायट्रिक आम्लाची पायरी गाळली तर हायड्रॉक्साइडमुळे सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ पडतो आणि सगळीच फसगत होते.

बाहेर पडणाऱ्या या घटकाला लीव्हिंग ग्रुप म्हणतात. प्रत्येक अणुगटाला हे बाहेर पडणं सारखं जमत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन एकट्याने राहायचं, तर तो जास्तीचा ऋण प्रभार पेलवला पाहिजे. आयोडाइड आकाराने मोठा असतो, प्रभार त्याच्या मोठ्या इलेक्ट्रॉन मेघात पसरतो, म्हणून तो उत्तम लीव्हिंग ग्रुप. ब्रोमाइड त्याच्या खालोखाल, क्लोराइड त्याहून मागे. फ्लोराइड छोटा आणि त्याचा कार्बनशी बंध फार भक्कम, म्हणून साध्या प्रतियोजनात तो जवळजवळ निकामी. एक सोपी कसोटी अशी: ज्याचं हायड्रोजनबरोबर झालेलं आम्ल तीव्र, तो चांगला लीव्हिंग ग्रुप. हायड्रोआयोडिक, हायड्रोब्रोमिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लं तीव्र आहेत, हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य आहे. या कसोटीवर हायड्रॉक्साइड अगदी तळाला जातो, कारण त्याचं आम्ल म्हणजे साधं पाणी.

म्हणूनच ब्युटेनॉलमध्ये नुसतं सोडियम ब्रोमाइड घालून कितीही वेळ तापवलं तरी ब्रोमोब्युटेन मिळत नाही. कागदावर बाण मात्र सहज काढता येतात: ब्रोमाइडची जोडी कार्बनकडे, कार्बन–ऑक्सिजन बंधाची जोडी ऑक्सिजनवर. प्रभाराचा ताळाही जमतो. पण बाण काढता आला म्हणून अभिक्रिया घडते असं नाही, आणि हे विद्यार्थ्यांना जितक्या लवकर कळेल तितकं बरं. आता त्याच मिश्रणात संहत सल्फ्युरिक आम्ल घाला. ऑक्सिजन आपल्या एकाकी जोडीने आम्लाचा हायड्रोजन उचलतो. ऑक्सिजनच्या जोडीवरून हायड्रोजनकडे एक बाण, आणि हायड्रोजनचा जुना बंध सुटल्याचा दुसरा. आता बाहेर पडायचं आहे ते हायड्रॉक्साइडला नव्हे, तर पाण्याच्या प्रभाररहित रेणूला, आणि पाण्याला ही जोडी पेलणं मुळीच कठीण नाही. मग ब्रोमाइडचा बाण कार्बनवर टेकतो, पाणी सुटतं, आणि ब्रोमोब्युटेन तयार होतं. पदवीच्या प्रयोगशाळांमध्ये ते याच रीतीने करतात.

आतापर्यंत आपण बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो एवढंच पाहिलं. तो कुठल्या बाजूने येतो हा खरा रंगतदार भाग. चित्रात हायड्रॉक्साइड नेहमी ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूला काढतात. कागदावर जागा होती म्हणून नव्हे. प्रत्येक बंधाबरोबर एक रिकामं ऑर्बिटल असतं. त्यात इलेक्ट्रॉन शिरले तर तो बंध कमकुवत होतो आणि तुटतो. कार्बन–ब्रोमीन बंधाच्या बाबतीत या रिकाम्या ऑर्बिटलचा बाहेर डोकावणारा भाग कार्बनच्या पाठीमागे, ब्रोमीनपासून १८० अंशांवर असतो. हायड्रॉक्साइडची जोडी तिथूनच शिरू शकते. आणि ती शिरताच त्याच क्षणी ब्रोमीनचा बंध सैल व्हायला लागतो. म्हणजे चित्रातले दोन बाण ही दोन वेगळी पावलं नाहीत. एकाच घटनेच्या त्या दोन बाजू आहेत, म्हणून ते एकाच चित्रात काढतात.

या घटनेच्या मध्यावर कार्बनची अवस्था विलक्षण असते. एका बाजूला ऑक्सिजन अर्धवट जोडलेला, दुसऱ्या बाजूला ब्रोमीन अर्धवट सुटलेला, आणि तीन हायड्रोजन मधल्या पातळीत, एकमेकांपासून १२० अंशांवर सपाट पसरलेले. ही संक्रमण अवस्था चौकोनी कंसात काढतात आणि कंसाच्या खांद्यावर ‡ ही खूण करतात. तिला बाटलीत भरता येत नाही. बंधाच्या एखाद्या कंपनाला लागावा तेवढाच वेळ ती टिकते. त्यानंतर तिन्ही हायड्रोजन दुसऱ्या बाजूला झुकतात. समुद्रकिनाऱ्यावर वादळी वाऱ्यात छत्रीच्या काड्या फटकन उलट्या व्हाव्यात, तसा कार्बन उलटा होतो.

ब्रोमोमिथेनमध्ये ही उलथापालथ दिसत नाही. तीनही हायड्रोजन सारखेच, उलटला काय आणि न उलटला काय, रेणू तोच. पण कार्बनला जोडलेले चारही गट वेगवेगळे असतील तर गोष्ट बदलते. असा रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा कशीही फिरवली तरी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. त्यांचे उत्कलनबिंदू आणि घनता सारखीच असते, पण ध्रुवित प्रकाश त्यांच्यातून सोडला की एक प्रकाशाची पातळी जितकी उजवीकडे वळवतो, तितकीच दुसरा डावीकडे. पोलरीमीटर नावाच्या उपकरणात लांब नळीत द्रावण भरून हा कोन मोजतात.

रिगा शहरातले रसायनतज्ज्ञ पॉल वाल्डेन यांनी १८९६ मध्ये याच उपकरणाच्या साहाय्याने एक चक्रावून टाकणारी गोष्ट पाहिली. कच्च्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल त्यांनी घेतलं. फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरून त्याच्यातला हायड्रॉक्सिल काढून क्लोरीन बसवला, आणि मग ओल्या सिल्व्हर ऑक्साइडने क्लोरीन काढून पुन्हा हायड्रॉक्सिल बसवला. हातात आलं मॅलिक आम्लच, पण प्रकाश उलट दिशेला वळवणारं. दोनपैकी एका पायरीत कार्बन उलटा झाला होता आणि दुसरीत नव्हता. नेमका कुठल्या पायरीत, हे मात्र सांगता येईना. अडचण अशी की प्रकाश डावीकडे वळतो की उजवीकडे, यावरून गटांची मांडणी थेट कळत नाही. गट बदलला की मांडणी तीच राहूनही वळणाची दिशा बदलू शकते. हा गुंता पुढची चाळीसेक वर्षं रसायनतज्ज्ञांना छळत राहिला.

१९३५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एडवर्ड ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ज्या प्रयोगाने सोडवला, तो मला रसायनशास्त्रातल्या अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. ह्यूज आणि क्रिस्टोफर इंगोल्ड हे दोघे तेव्हा प्रतियोजन अभिक्रियांचा कसून अभ्यास करत होते. गट बदलल्यामुळे गोंधळ होतो ना, मग गट बदलायचाच नाही, अशी या प्रयोगाची कल्पना. आयोडीन काढायचा आणि त्याच्या जागी आयोडीनच बसवायचा. त्यासाठी निवडलेला रेणू होता २-आयोडोऑक्टेन. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला आयोडीन, हायड्रोजन, एक कार्बनचा मिथिल गट आणि सहा कार्बनांची साखळी असे चार वेगळे गट जोडलेले असतात. न्यूक्लिओफाइल म्हणून घ्यायचा सोडियम आयोडाइड, द्रावक ॲसिटोन. पहिल्या बाणाची शेपटी आयोडाइडच्या जोडीवर, टोक कार्बनवर, आणि दुसऱ्या बाणाने आयोडीनच बाहेर.

पण आत आलेला आयोडीन आणि बाहेर गेलेला आयोडीन वेगळे ओळखायचे कसे? सोडियम आयोडाइडमधला आयोडीन किरणोत्सारी घ्यायचा. कृत्रिम किरणोत्सार तेव्हा अगदी नवा होता. आदल्याच वर्षी लंडनमधल्याच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात लिओ झिलार्ड आणि थॉमस चामर्स यांनी न्यूट्रॉनच्या माऱ्याने किरणोत्सारी आयोडीन तयार करून तो वेगळा काढून दाखवला होता. या आयोडीनचं वस्तुमान १२८. त्याचं अर्धायुष्य २५ मिनिटं, म्हणजे दर २५ मिनिटांनी किरणोत्सार निम्मा होतो, म्हणून सगळं काम झटपट उरकावं लागतं. अभिक्रिया ठराविक वेळेनंतर थांबवायची, आयोडाइडचं मीठ आणि सेंद्रिय आयोडाइड वेगळे करायचे आणि सेंद्रिय भागात किती किरणोत्सार आला ते मोजायचं. त्यावरून किती रेणूंमध्ये आयोडीन बदलला ते कळतं. दुसरीकडे, त्याच परिस्थितीत पोलरीमीटरमध्ये प्रकाशाचं वळण किती वेगाने कमी होतंय ते पाहायचं. त्यावरून किती रेणू उलटले ते कळतं.

आता एक हिशेब करू. सगळे एकाच मांडणीचे १०० रेणू आहेत आणि त्यांचं एकत्रित वळण १०० मानू. थोड्या वेळात त्यांपैकी १० रेणूंमधला आयोडीन बदलला. आयोडाइड पुढून, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आयोडीनच्याच बाजूने आला असता तर एकही रेणू उलटला नसता आणि वळण १००च राहिलं असतं. तो कुठल्याही बाजूने सारख्याच सहजतेने आला असता तर १० पैकी ५ उलटले असते. एका मांडणीचे ९५ आणि उलट मांडणीचे ५. उलटे ५ सरळ ५ जणांचं वळण खोडून काढतात, म्हणून शिल्लक ९०. आणि तो प्रत्येक वेळी मागूनच आला असेल तर सगळे १० उलटतील, ९० विरुद्ध १०, आणि शिल्लक वळण ८०. म्हणजे आयोडीन १० टक्के बदलला की वळण किती कमी झालं, शून्य, १० की २० टक्के, एवढंच पाहायचं होतं. एखादा रेणू दोनदा उलटून पुन्हा सरळ होऊ शकतो, पण सुरुवातीच्या काळात असे रेणू थोडे असतात आणि गणितात त्यांनाही धरता येतं.

प्रयोगाचं उत्तर दुप्पट आलं. आयोडीन बदलण्याचा वेग आणि कार्बन उलटण्याचा वेग मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत एकच निघाला. दर दहापैकी नऊ वेळा नव्हे, प्रत्येक प्रतियोजनात कार्बन उलटला होता. पाठ्यपुस्तकातला हायड्रॉक्साइड ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूला काढतात तो या पुराव्यावर.

या प्रकारच्या अभिक्रियेला ह्यूज आणि इंगोल्ड यांनी एसएन-टू हे नाव दिलं. त्यातला टू हा आकडा सांगतो की वेग ठरवणाऱ्या पायरीत दोन घटक भाग घेतात. हायड्रॉक्साइडचं प्रमाण दुप्पट केलं की वेग दुप्पट होतो, ब्रोमोअल्केनचं दुप्पट केलं तरी दुप्पट होतो. मागून यायचं असेल तर मागे वाट मोकळी हवी, आणि हेही आकड्यांत दिसतं. कार्बनला एक मिथिल आणि दोन हायड्रोजन असले तर जो वेग असतो तो १ मानू. तीनही हायड्रोजन असले तर वेग सुमारे ३० पट, आणि दोन मिथिल असले तर तो सुमारे ४० पटींनी घटतो. तीन मिथिल गट असले की मागचा रस्ता जवळजवळ बंदच होतो.

अशा गर्दीच्या कार्बनवर सवयीने हेच दोन बाण काढणं ही दुसरी मोठी चूक. तिथे हायड्रॉक्साइड कार्बनपर्यंत पोचतच नाही. तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलतो आणि ब्रोमीन सुटून दुहेरी बंध तयार होतो. तृतीयक ब्युटिल ब्रोमाइडपासून अशा वेळी वायुरूप मिथिलप्रोपीन बाहेर पडतं. तो वायू ब्रोमीनच्या पाण्यातून सोडला की पाण्याचा तांबूस रंग जातो, आणि आपण काढलेलं प्रतियोजनाचं चित्र इथे लागू नव्हतं हे कळून चुकतं. हायड्रॉक्साइडसारखा आक्रमक आयन नसेल, नुसतं पाणी असेल, तर तिथे ब्रोमीन स्वतःहून आधी सुटतो. मागे उरलेला धन प्रभाराचा कार्बन सपाट असतो, त्याच्यावर पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, आणि गट वेगवेगळे असतील तर प्रकाशाचं वळण बहुतांशी नाहीसं होतं. त्या अभिक्रियेचे बाण एका चित्रात काढायचेच नाहीत. ब्रोमीन सुटल्याचा बाण एका चित्रात, पाणी आल्याचा पुढच्या चित्रात, कारण तिथे या खरोखरच वेगळ्या पायऱ्या आहेत.

आणखी एक गोष्ट बाण दाखवत नाहीत: द्रावक. पाण्यात हायड्रॉक्साइड एकटा नसतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्याला वेढून असतात, आणि कार्बनकडे जाण्याआधी हा वेढा थोडा तरी सोडवावा लागतो. ॲसिटोनला असे हायड्रोजन बंध देता येत नाहीत, म्हणून त्यात ऋण आयन बराच मोकळा असतो. कागदावर दोन्ही ठिकाणचे बाण सारखेच दिसतील, प्रयोगशाळेत वेगात प्रचंड फरक पडतो.

हेच दोन बाण आपल्या शरीरातही काढावे लागतात. मेंदूत आणि यकृतात मिथिल गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेण्याचं काम एस-ॲडेनोसिलमेथिओनिन नावाचा रेणू करतो. त्यातला मिथिल गट धन प्रभार असलेल्या गंधकाला जोडलेला असतो. सुटताना गंधक ती जोडी घेतो आणि उदासीन होतो, म्हणून तो फार चांगला लीव्हिंग ग्रुप. कॅटेकॉल-ओ-मिथिलट्रान्सफरेज हे एन्झाइम या गंधकावरचा मिथिल डोपामीन आणि ॲड्रेनालिनसारख्या रेणूंच्या ऑक्सिजनवर बसवतं. पहिला बाण ऑक्सिजनच्या जोडीवरून मिथिलच्या कार्बनकडे, दुसरा कार्बन–गंधक बंधावरून गंधकाकडे.

इथेही कार्बन उलटतो का? मिथिलचे तीनही हायड्रोजन सारखे, त्यामुळे ब्रोमोमिथेनसारखीच अडचण. संशोधकांनी मग असा मिथिल गट तयार केला की त्यावर एक साधा हायड्रोजन, एक ड्युटेरियम आणि एक ट्रिटियम, असे हायड्रोजनचे तीन समस्थानिक बसवलेले होते. गंधक हा चौथा गट. आता मिथिलच्या कार्बनला चार वेगळे गट मिळाले आणि त्याची मांडणी ओळखता येऊ लागली. एन्झाइमने हा मिथिल दुसऱ्या रेणूवर नेल्यावर पाहिलं तर मांडणी उलटलेली होती. पार्किन्सनच्या रुग्णांना लेव्होडोपासोबत दिलं जाणारं एंटाकॅपोन हे औषध याच एन्झाइमला अडवतं. त्यामुळे लेव्होडोपावर हा मिथिल बसत नाही आणि त्याचा जास्त भाग मेंदूपर्यंत पोचतो.